उरलेले शहात्तर ग्रॅम

नणंदेने आपल्याकडून आहाराचा तक्ता मागावा, हा दिवस या जन्मात उगवेल असं तराजूबाईंना कधीच वाटलं नव्हतं. तराजूबाई हे त्यांचं नाव नव्हे. नावाची पाटी त्यांच्या खोलीच्या दारावर होती, खाली दोन पदव्या होत्या आणि त्याखाली 'आहारतज्ज्ञ' असं लिहिलेलं होतं. पण सासरी त्यांच्याकडे कोणी या पाटीतून बघितलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नणंदेने त्यांना स्वयंपाकघरात चीजचा तुकडा वजनकाट्यावर ठेवताना पाहिलं आणि सगळ्यांसमोर तराजूबाई म्हणून हाक मारली. तेव्हापासून अख्ख्या घरात तेच चालू झालं. नवराही चुकून तेच म्हणायचा आणि मग जीभ चावायचा.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. घरात सगळे तिला ताई म्हणत. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, नाकावर राग आणि हातात कायम न दिसणारा खडू. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्यातली चूक काढणार. तराजूबाईंच्या कामाविषयी तिचं मत ठरलेलं होतं: लोक पोटाला भूक लागली की जेवतात, त्याला पदवी कशाला लागते? हे ती वर्षातून तीन-चारदा तरी बोलून दाखवायची, आणि तराजूबाई दर वेळी हसून गिळायच्या. गिळलेलं पचत नसे, तो भाग वेगळा.

तर त्या दिवशी ताई स्वतः, काठी टेकत टेकत, जिमच्या वरच्या मजल्यावरच्या तराजूबाईंच्या त्या छोट्या खोलीत आली. गुडघा पार झिजला होता. तो बदलायची शस्त्रक्रिया ठरली होती, तारीखही मिळाली होती, दोन महिन्यांनंतरची. पण सर्जनची अट होती. वजन अठ्ठ्याऐंशीवरून ऐंशीवर आणा, नाहीतर तारीख दुसऱ्याला जाईल आणि मग पुढचा नंबर वर्षभराने. ताईला जिना चढताना डोळ्यांत पाणी यायचं, हे तराजूबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. एवढ्या कडक बाईला तसं पाहून त्यांना गलबलून आलं. आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. आता दाखवते, असं मनात आलं. हे त्यांनी पुढे स्वतःशी कबूल केलं, म्हणून इथे लिहिलं.

येणाऱ्या प्रत्येकाकडून त्या आधी चार पानी फॉर्म भरून घेत. वय, उंची, जुने आजार, चालू औषधं, रक्ताचे रिपोर्ट, झोप, चिडचिड, चक्कर, सगळं. फॉर्मशिवाय पेन उघडायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. मोठमोठ्या लोकांना त्यांनी फॉर्मसाठी परत पाठवलेलं होतं. पण ताईसमोर तो कागद सरकवायचा म्हणजे काय? तुम्हाला कोणते आजार आहेत, असं थोरल्या नणंदेला विचारायचं? पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागलं असतं. शिवाय घरचंच माणूस, वीस वर्षांत कधी साधा ताप आलेला नाही. तराजूबाईंनी फॉर्म खणात ठेवला आणि खण बंद केला.

मग त्यांनी कागद घेतला आणि आपली विद्या मांडली. ताई खुर्ची पुढे ओढून बसली, कारण समोर आकडे होते.

आधी दिवसाची एकूण ऊर्जा ठरवायची: सोळाशे कॅलरी. मग प्रोटीन, कारण वजन उतरताना स्नायू जाता कामा नयेत आणि शस्त्रक्रियेनंतर तेच कामाला येणार. शंभर ग्रॅम. एका ग्रॅमला चार कॅलरी, म्हणजे चारशे. मग फॅट, पंचावन्न ग्रॅम. एका ग्रॅमला नऊ. "चारशे पंच्याण्णव," ताई तराजूबाईंच्या आधी म्हणाली. सोळाशेतून हे दोन्ही वजा केले की उरतात सातशे पाच. त्याला चाराने भागायचं, कारण कर्बोदकाच्या ग्रॅमलाही चारच कॅलरी. उत्तर एकशे शहात्तर.

"पूर्णांक एक चतुर्थांश," ताई म्हणाली. "तो पाव ग्रॅम कुठे टाकलास?"

पाव ग्रॅमचं कोणी काही करत नाही, असं तराजूबाईंनी सांगितलं. ताईने मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं होतं. म्हणजे प्रोटीन आणि फॅट आधी ठरतात, ते हलत नाहीत, आणि जी जागा उरेल ती कर्बोदकांनी भरायची, असंच ना, असं तिने पुन्हा विचारून पक्कं केलं. हे समीकरण आहे, ती म्हणाली, हे मला आधी का नाही सांगितलंस? मी समजत होते तू लोकांना नुसती काकडी खा म्हणून सांगतेस. वीस वर्षांत ताईच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात मोठं कौतुक होतं. त्या रात्री तराजूबाईंनी नवऱ्याला ते दोनदा सांगितलं.

पहिले तीन आठवडे ताईने तक्ता काटेकोर पाळला. ब्रेडचा तुकडा, भाताची वाटी, केळं, दूध, सगळं मोजून, वहीत रेघा मारून. वजन उतरलं एक किलो दोनशे ग्रॅम. चांगलं होतं, पण दोन महिन्यांत आठ किलोच्या हिशोबात ते कमी होतं, आणि ताईने तो हिशोब खुर्चीवर बसायच्या आधीच सांगितला. तराजूबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी एकूण कॅलरी दोनशेने कमी केल्या. प्रोटीन तेच, फॅट तेच. चौदाशेतून आठशे पंच्याण्णव गेले, उरले पाचशे पाच, भागिले चार. एकशे सव्वीस.

आणखी दोन आठवड्यांनी काटा फक्त नऊशे ग्रॅम खाली आला होता. तारीख जवळ येत चालली होती. ताई नुसती काठीवर दोन्ही हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. तराजूबाईंनी पुन्हा दोनशे काढले. बाराशे वजा आठशे पंच्याण्णव, तीनशे पाच, भागिले चार. शहात्तर.

इथे थांबायला हवं होतं. बाई पंधरा वर्षं हे काम करत होत्या. शेवटी उरणारा आकडा आला की पेन खाली ठेवायचं आणि त्याच्याकडे माणसासारखं बघायचं, हे त्या नव्या मुलींना शिकवत. गणित आपलं आपण कुठेही जातं. दोन आकडे खिळे ठोकून बसवले की सगळी कात्री तिसऱ्यावरच चालते. एवढ्या कमी आकड्यावर एखाद्याला न्यायचं तर आधी त्याची औषधं आणि रिपोर्ट बघायचे, डॉक्टरांशी बोलायचं. हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पण त्या दिवशी त्यांना काठी दिसत होती आणि तारीख दिसत होती. त्यांनी शहात्तर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि कागद ताईच्या हातात दिला.

त्यानंतर ताईचे फोन सुरू झाले. सकाळी अकराच्या सुमाराला, कधी संध्याकाळी जेवणाच्या जरा आधी. कारण काहीही. तक्त्यात दही लिहिलंय ते कोणत्या वाटीने, तुझं अक्षर कुत्रं चावल्यासारखं का आहे, तुला फोन उचलायला एवढा वेळ का लागतो. एकदा ती इतकी तडतडली की तराजूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि अर्ध्या तासाने, जेवून झाल्यावर, तिने परत फोन करून इकडचं तिकडचं गोड बोलायला सुरुवात केली. तराजूबाईंनी हे नवऱ्याला सांगितलं. नवरा हसला आणि म्हणाला की ताई अशीच आहे, तू आज ओळखतेस का? दोघांनी मिळून तो विषय तिथे मिटवला.

सातव्या आठवड्यात वजनाचा दिवस होता. सकाळचे सव्वाअकरा. ताई आली तीच घामाने भिजून. खोलीत पंखा होता, बाहेर काही फार ऊन नव्हतं. तराजूबाईंना वाटलं, जिना चढून आलीय. त्यांनी तिला हात धरून काट्यावर उभं केलं. ब्याऐंशी किलो आठशे ग्रॅम. दोन आठवड्यांत तीन किलो शंभर! तराजूबाईंना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. ताईला खुर्चीत बसवून त्या पाठमोऱ्या होऊन आकडा वहीत लिहू लागल्या.

"मूर्ख आहेस तू," मागून ताई म्हणाली. "तुला बेरीज येत नाही."

तराजूबाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. आज तरी? आजच्या दिवशी तरी? त्यांनी ठरवलं की आता बोलायचं नाही आणि वळायचंही नाही. त्या लिहीत राहिल्या. आकडा लिहून झाला होता, तरी लिहीत राहिल्या, नुसत्या रेघा. ताई मागे काहीतरी पुटपुटत होती. पाढा म्हणत होती बहुतेक, पण पाढा जुळत नव्हता. सात चोक अठ्ठावीस, सात पंचे अठ्ठावीस, सात सक अठ्ठावीस. ताई, आणि पाढा चुकते?

ते कानात शिरायला किती वेळ लागला, हे तराजूबाईंनी नंतर शंभरदा मोजलं. दोन मिनिटं असतील, तीनही असतील. त्या वळल्या तेव्हा ताईचा चेहरा राखेसारखा झाला होता. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत ओळख नव्हती.

"तू कोणाची?" ताईने विचारलं. लहान मुलीला विचारावं तसं, मऊ आवाजात. आणि खुर्चीवरून घसरली.

काठी फरशीवर आपटली. त्या आवाजाने खालून जिमचा ट्रेनर धावत वर आला. तराजूबाईंनी त्याला अँब्युलन्स बोलवायला सांगितलं आणि ताईला कुशीवर वळवलं. खणात साखर मोजायचं यंत्र होतं. बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. पाच सेकंद. पडद्यावर आकडा आला, चौतीस.

तराजूबाईंनी आकडा पुन्हा वाचला. कारण एवढं तर त्या जाणत होत्या: धडधाकट माणसाने कर्बोदकं कितीही कमी केली, तरी रक्तातली साखर चौतीसवर जात नाही. यकृत साठवलेली साखर सोडतं, नसेल तर नवी बनवतं, शरीर आपलं आपण सावरतं. चौतीस यायला आत बसून कोणीतरी साखर खाली ओढणारं लागतं. त्यांनी ताईची पर्स उलटी केली. रुमाल, किल्ल्या, बसचं तिकीट, चष्म्याचं घर. चष्म्याच्या घरात, फडक्याखाली, गोळ्यांची पट्टी. चार गोळ्या उरलेल्या. त्यांनी नाव वाचलं. मधुमेहाची गोळी. तीही ती, जी माणूस जेवलाय की नाही हे न बघता स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते.

ट्रेनरने साखरेचं पाणी आणलं होतं आणि तो ताईच्या तोंडाला लावायला वाकला. तराजूबाईंनी त्याचा हात धरला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काही घालायचं नाही, घशाऐवजी श्वासनलिकेत जातं. मग त्या तिथेच, फरशीवर, ताईचं ओलं डोकं मांडीवर धरून बसून राहिल्या. काहीही करता येत नव्हतं. अँब्युलन्स यायला लागलेल्या त्या अकरा मिनिटांत त्यांना समोरच्या भिंतीवरचा आपलाच तक्ता दिसत होता, निरोगी ताटाचं रंगीत चित्र असलेला.

अँब्युलन्समधल्या माणसाने शिरेतून ग्लुकोज दिलं आणि काही मिनिटांत ताईने डोळे उघडले. इथे का आणलं, मला जायचंय, असं म्हणू लागली. तराजूबाईंना वाटलं, संपलं. पण हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सोडायला साफ नकार दिला. ही गोळी दिवसभर अंगात असते, ते म्हणाले, वरून दिलेली साखर संपली की ती पुन्हा खाली ओढेल. आणि तसंच झालं. दुपारी तीनला, सलाईन चालू असतानाही, साखर परत अठ्ठावन्नवर आली. तोवर नवराही येऊन पोचला होता. नर्सने तो आकडा त्याच्यासमोरच मोठ्याने वाचला.

डॉक्टर तरुण होते, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी खाण्याचा तपशील विचारला. आहार कोण ठरवतं? तराजूबाई म्हणाल्या, मी. दिवसाला कर्बोदकं किती?

"शहात्तर ग्रॅम."

डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं. हा आकडा कसा काढला, त्यांनी विचारलं. तराजूबाई सांगू लागल्या. एकूण बाराशे, त्यातून प्रोटीनचे चारशे, फॅटचे चारशे पंच्याण्णव. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला. उरलं ते, त्या म्हणाल्या. मधुमेह असल्याचं मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी इतकंच विचारलं की औषधांचा फॉर्म भरून घेत नाही का तुम्ही?

"सगळ्यांकडून घेते," तराजूबाई म्हणाल्या. "यांच्याकडून नाही घेतला."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तराजूबाईंना वाटलं.

बाहेर बाकावर नवरा त्यांच्या शेजारी येऊन बसला, पण मध्ये एका माणसाची जागा सोडून. बराच वेळ तो हातातली गोळ्यांची पट्टी उलटसुलट करत होता. सर्जनच्या फाइलमध्ये मधुमेह स्वच्छ लिहिलेला होता, दोन वर्षांपासूनचा. ताईने ती फाइल तेवढी घरी ठेवली होती. दोन वर्षं, तो म्हणाला, आणि मला सांगितलं नाही? मग थोड्या वेळाने त्याने विचारलं की ती चिडायची ते, तो घाम, ते सगळं यामुळेच होतं का? तराजूबाईंनी मान हलवली. साखर घसरली की आधी हेच होतं. घाम, थरथर, भूक, चिडचिड. हे त्या लोकांना छापून देत. फ्रिजवर लावायला सांगत. आणि त्यांच्याच नणंदेचा रोज अकरा वाजता फोन येत होता, जेवल्यावर ती गोड होत होती, आणि त्या दोघांनी बसून त्यावर हसून घेतलं होतं.

रात्रभर दर तासाला बोटाला सुई टोचली जात होती. तराजूबाई उठून आकडा बघत आणि परत बसत. मधल्या एका तासाला त्यांना वजनाचा काटा आठवला. तीन किलो शंभर. तेव्हा आनंदाने डोळे मिटले होते. आता ते गणित सुटेना. बाराशे कॅलरीने दोन आठवड्यांत एवढी चरबी जातच नाही. शरीरातला साखरेचा साठा रिकामा झाला की त्याच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी जातं, तसलं हे वजन होतं. पण शहात्तर ग्रॅमवर इतकं? काहीतरी जुळत नव्हतं.

सकाळी साखर एकशे दहाच्या आसपास स्थिर झाली. डॉक्टर आले, ती गोळी बंद केली, साखर अशी खाली न पाडणारं दुसरं औषध सुरू केलं. ताई पाठीला उशी लावून बसली होती. चेहऱ्यावर रंग आला होता आणि पहिली तक्रारही: सलाईनचा थेंब सारख्या अंतराने पडत नाही म्हणून. डॉक्टर आणि तराजूबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्यानेच बोलले. आता कर्बोदकं आधी ठरवायची, तीन जेवणांत आणि दोन छोट्या खाण्यांत वाटून, दिवसाला एकशे चाळीस. ती हलणार नाहीत. तराजूबाईंनी हाताशी असलेल्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलं. एकूण पंधराशे. कर्बोदकांचे पाचशे साठ, प्रोटीनचे चारशे, उरले पाचशे चाळीस. या वेळी उरलेलं फॅटला.

डॉक्टर गेले. नवरा चहा आणायला खाली गेला. ताईने हात पुढे केला आणि पाकीट मागून घेतलं.

"साठ ग्रॅम," ती म्हणाली. "निःशेष भाग गेला." मग तिने ते आकडे पुन्हा वरपासून वाचले. "यात कर्बोदकं वर लिहिलीयस."

तराजूबाई हो म्हणाल्या. त्यांना माफी मागायची होती, रात्रभर त्यांनी वाक्यं जुळवली होती. पण आधी ताईच बोलली. तिने पर्स मागितली, तिच्यातून तिची रेघा मारलेली वही काढली आणि शेवटची पानं उघडून पलंगावर ठेवली. तराजूबाईंनी वाचलं. प्रोटीन शंभर. फॅट पंचावन्न. कर्बोदकं सव्वीस पूर्णांक एक चतुर्थांश. दुसऱ्या पानावर तेच, तिसऱ्यावर तेच. नऊ दिवस.

"एकशे शहात्तर, एकशे सव्वीस, शहात्तर," ताई म्हणाली. "पुढची संख्या कोणती? मी मुलांना हेच विचारायचे. दर वेळी दोनशे कॅलरी जात होत्या आणि खाली येत होता तो एकच आकडा. बाकीचे दोन जागचे हलत नव्हते. मला वाटलं, त्यालाच शून्यावर न्यायचंय, तू फक्त माझ्या वयाकडे बघून हळू चाललीयस. म्हणून मी पुढची पायरी आपली आपण घेतली. तारीख जवळ आली होती. तुला वजन दाखवून चकित करायचं होतं."

तराजूबाईंनी वही जवळ ओढली. त्यांना कालपासून वाटत होतं की आपली चूक एका आकड्याची आहे. पण ताईने त्यांचा कागद अचूक वाचला होता. त्यांनी तो तीनदा लिहिला होता, आणि तीनही वेळा तो एकच गोष्ट शिकवत होता. वाचणारीने ती शिकून घेतली, इतकंच.

मधुमेहाचं सांगितलं का नाही, असं त्यांनी शेवटी विचारलं. ताईने चादरीची घडी सरळ केली. साखरेच्या आजारात साखर कमी झाली तर बरंच की, असं मला वाटलं, ती म्हणाली. गोळी घेतल्यावर वेळेवर खा, असं सांगितलं होतं मला, पण खाणं तर मी तुझ्या कागदाप्रमाणे वेळेवर घेत होते. काल सकाळचं मात्र चुकवलं, वजनाचा दिवस होता म्हणून. मग थोडी थांबून, भिंतीकडे बघत, खालच्या आवाजात म्हणाली की आणि तुझ्यासमोर आजारी व्हायचं नव्हतं मला. वीस वर्षं तुला तराजूबाई म्हणतेय मी.

तराजूबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. शस्त्रक्रियेची तारीख गेली होती. सर्जनचा निरोप सकाळीच आला होता, साखर स्थिर झाल्याशिवाय टेबलावर घेणार नाही म्हणून. म्हणजे आणखी वर्षभर काठी, आणखी वर्षभर तो जिना. दोघींनाही ते माहीत होतं.

ताई म्हणाली, आता नवा तक्ता नीट कागदावर लिहून दे, पाकिटावरचं मला चालत नाही. तराजूबाईंनी डोळे पुसले आणि पिशवीत हात घातला. पण त्यांनी काढला तो कोरा कागद नव्हता. चार पानी फॉर्म होता. काल संध्याकाळी त्या मुद्दाम खोलीवर जाऊन, खण उघडून, घेऊन आल्या होत्या.

"आधी हा," त्या म्हणाल्या. कागद त्यांनी मागे घेतला नाही.

ताईने कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. विचार, असं तिने हातानेच सांगितलं. तराजूबाई एकेक ओळ विचारत गेल्या. वय. ताईने खरं सांगितलं, ते घरात सगळ्यांना माहीत असलेल्यापेक्षा दोन वर्षांनी जास्त होतं. जुने आजार. चालू औषधं. रिपोर्ट. ताई प्रत्येक उत्तर वर्गात हजेरी घेतल्यासारखं स्पष्ट देत होती आणि तराजूबाई लिहीत होत्या. तिसऱ्या पानावर त्या अडकल्या. चक्कर, घाम, थरथर, आणि त्याखाली एक छोटा चौकोन: चिडचिड होते का, केव्हा होते.

पेन चौकोनावर तसंच राहिलं. ताईने मान लांब करून ओळ वाचली.

"तू लिही," ती म्हणाली. "तुलाच माहीत आहे."

तराजूबाईंनी खालमानेने सांगितलं, "व्हायची. रोज अकराला, आणि रात्री जेवणाआधी. मला वाटलं, तुमचा स्वभाव आहे."

ताईने सुई टोचून टोचून काळंनिळं झालेलं बोट उचललं आणि तो चौकोन दाखवला.

"थोडा स्वभावही आहे," ती म्हणाली. "तेही लिही."

तराजूबाईंनी ते लिहिलं, जसंच्या तसं, आणि पुढच्या ओळीवर गेल्या.